एक डिकोडर, तीन उत्तरं

दुसरी-तिसरीत आपण बेरीज शिकतो तेव्हा प्रत्येक स्तंभात दोन गोष्टी लिहितो: खाली अंक आणि पुढच्या घराच्या डोक्यावर हातचा. वजाबाकीतही तसंच, फक्त हातच्याच्या जागी उसना येतो. संगणकाच्या पोटात हेच हिशेब ० आणि १ या दोनच अंकांत चालतात, त्यामुळे प्रत्येक स्तंभात येऊ शकणाऱ्या परिस्थिती मोजक्याच असतात. वरचा अंक, खालचा अंक आणि आधीच्या घरातून आलेला हातचा किंवा उसना अशी तीन इनपुट, आणि प्रत्येक ० किंवा १. म्हणजे एकूण आठ परिस्थिती, नववी नाही.

या आठ परिस्थितींतून बेरजेचा अंक, हातचा आणि उसना अशी तीन उत्तरं एकाच वेळी हवी असतील तर सर्किट कसं उभं करायचं? प्रत्येक उत्तरासाठी स्वतंत्र सर्किट बांधता येतं आणि बरेच जण तेच करतात. पण तिन्ही उत्तरं त्याच तीन इनपुटवर ठरणार असतील, तर परिस्थिती ओळखण्याचं काम तीनदा करण्यात अर्थ नाही. ते एकदाच करावं आणि त्यातून हवी तेवढी उत्तरं काढावीत. एक डिकोडर आणि त्याच्या बाहेर काही ऑर गेट, एवढ्यावर हे साधतं.

सुरुवात कागदावर होते. तीन इनपुटना अ, ब आणि क म्हणू. अ हा वरचा अंक, ब खालचा, आणि क हा आधीच्या घरातून आलेला. बेरीज म्हणजे अ + ब + क, वजाबाकी म्हणजे अ − ब − क. आता तीन वेगळ्या सारण्या न मांडता एकच मांडायची: डावीकडे इनपुट, उजवीकडे सगळी आउटपुट. हीच एकत्रित सत्यता सारणी.

| ओळ | अ | ब | क | अंक | हातचा | उसना |
|---|---|---|---|---|---|---|
| ० | ० | ० | ० | ० | ० | ० |
| १ | ० | ० | १ | १ | ० | १ |
| २ | ० | १ | ० | १ | ० | १ |
| ३ | ० | १ | १ | ० | १ | १ |
| ४ | १ | ० | ० | १ | ० | ० |
| ५ | १ | ० | १ | ० | १ | ० |
| ६ | १ | १ | ० | ० | १ | ० |
| ७ | १ | १ | १ | १ | १ | १ |

एकत्र मांडल्याचा पहिला फायदा लगेच दिसतो. बेरजेचा अंक आणि वजाबाकीचा अंक यांना वेगळे स्तंभ द्यावे लागले नाहीत, कारण ते हुबेहूब सारखे आहेत. दोनच अंकांच्या जगात १ मिळवला काय किंवा १ वजा केला काय, शेवटचा अंक फक्त उलटतो: ० चा १, १ चा ०. म्हणून तीन इनपुटमध्ये १ ची संख्या विषम असेल तर अंक १, सम असेल तर ०, मग हिशेब बेरजेचा असो की वजाबाकीचा. दोन सारण्या वेगवेगळ्या पानांवर असत्या तर ही गोष्ट नजरेतून सहज निसटली असती आणि एक गेट फुकट खर्च झालं असतं.

ओळीचा क्रमांक नुसता अनुक्रमांक नाही, हे इथेच लक्षात घ्यावं. अ ची किंमत ४, ब ची २ आणि क ची १ धरली, की जे १ आहेत त्यांची बेरीज म्हणजे ओळीचा क्रमांक. अ आणि क चालू, ब बंद, तर ४ + १ = ५, म्हणजे पाचवी ओळ. पुढची सगळी जोडणी याच किमतींवर उभी आहे.

आता डिकोडर. तीन इनपुट आणि आठ आउटपुट असलेला डिकोडर म्हणजे आठ खोल्यांची चाळ समजा. तीन इनपुटवरून खोलीचा नंबर कळतो आणि फक्त त्याच खोलीतला दिवा लागतो, बाकीच्या सात खोल्या अंधारात राहतात. इनपुट बदललं की दिवा दुसऱ्या खोलीत जातो. सारणीची प्रत्येक ओळ म्हणजे डिकोडरची एक तार. ‘आत्ता कोणती ओळ चालू आहे’ या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तो देतो. बेरीज, हातचा, उसना यांतलं त्याला काहीही ठाऊक नसतं.

ते ठरवतो स्तंभ. हातच्याच्या स्तंभावरून बोट वरून खाली फिरवा. जिथे १ आहे त्या ओळी ३, ५, ६ आणि ७. हातचा कधी १ असतो? यांपैकी कोणतीही एक ओळ चालू असेल तेव्हा. ‘ही किंवा ती किंवा ती’ हे काम ऑर गेटचं. म्हणून डिकोडरच्या ३, ५, ६, ७ या चार तारा चार इनपुटच्या एका ऑर गेटला दिल्या, की त्यातून हातचा बाहेर पडतो. अंकासाठी १, २, ४, ७. उसन्यासाठी १, २, ३, ७. सातवी तार तिन्ही गेटना जाते, पहिली आणि दुसरी दोन-दोन गेटना. ओळ ओळखण्याचं काम एकदाच झालं आणि ते तिघांनी वाटून घेतलं. शून्याव्या ओळीत सगळी उत्तरं ० आहेत, म्हणून ती तार मोकळीच राहते.

कागदावर काम इथे संपतं. बाजारातली आयसी हातात घेतली की मात्र एक मोठा फरक समोर येतो, आणि प्रयोगशाळेतली निम्मी गडबड त्यातूनच होते.

या कामाची सर्वांत ओळखीची आयसी म्हणजे 74LS138. सोळा पिनांची, तीन इनपुट, आठ आउटपुट. पण तिची आउटपुट उलटी आहेत. निवडलेली तार ० होते आणि बाकीच्या सात १ राहतात. चाळीत सगळीकडे दिवे लावलेले आणि नेमक्या हव्या त्या खोलीतच अंधार, अशी तिची रीत. आता या तारा पुस्तकातल्याप्रमाणे ऑर गेटला जोडून पाहा. चार तारांपैकी एका वेळी फार तर एकच ० असणार, उरलेल्या तीन तरी १ असणारच. त्यामुळे ऑर गेट कायम १ देत राहील. इनपुट काहीही द्या, तिन्ही एलईडी सतत पेटलेले दिसतील. हे चित्र दिसलं की तारा उलट्या आहेत आणि गेट चुकीचं आहे, हे निदान पक्कं समजा.

उपाय सोपा आहे: ऑरच्या जागी नँड गेट. नँडची सगळी इनपुट १ असतील तरच तो ० देतो, एकही ० आलं की १ देतो. आपल्याला नेमकं हेच हवं होतं: चारपैकी कोणतीही एक तार खाली गेली की उत्तर १. तारा उलट्या असताना नँड हाच ऑरचं काम करतो, वेगळे इन्व्हर्टर लावावे लागत नाहीत. नँडऐवजी चुकून अँड गेट लावला, तर प्रत्येक ओळीत बरोबर उत्तराच्या नेमकं उलट उत्तर मिळतं. ही खूणही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चार इनपुटचे दोन नँड गेट एकत्र देणारी आयसी 74LS20. आपल्याला तीन गेट लागतात, म्हणून अशा दोन आयसी, आणि एक गेट शिल्लक. 138 वर ० ते ६ या तारा अनुक्रमे पिन १५, १४, १३, १२, ११, १० आणि ९ वर येतात, तर सातवी तार पलीकडच्या बाजूला, पिन ७ वर. पिन ८ ग्राउंड आणि १६ ला पाच व्होल्ट. अंकाच्या गेटला पिन १४, १३, ११ आणि ७ जातात, हातच्याच्या गेटला १२, १०, ९ आणि ७, उसन्याच्या गेटला १४, १३, १२ आणि ७. 74LS20 मध्ये पहिल्या गेटची इनपुट पिन १, २, ४ आणि ५ वर असून आउटपुट ६ वर आहे. मधली पिन ३ आत कशालाच जोडलेली नाही. ब्रेडबोर्डवर घाईत १, २, ३, ४ अशा ओळीने तारा खोचल्या, तर तिसरी तार हवेत राहते, पाचवी पिन मोकळी राहते, आणि उत्तर फक्त एका ओळीत चुकतं. असा दोष शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

सातवी तार तीन गेटना चालवेल का, अशी शंका येईल. एलएस जातीची आयसी ० देताना ८ मिलिअँपिअर प्रवाह पोटात घेऊ शकते आणि त्याच जातीच्या गेटचं एक इनपुट जास्तीत जास्त ०.४ मिलिअँपिअर देतं. म्हणजे एका तारेवर वीस इनपुटपर्यंत चालतात. तीनची चिंता नको.

138 ला चालू-बंद करणाऱ्या आणखी तीन पिन आहेत. सहावी पिन १ वर आणि चौथी व पाचवी ० वर असेल तरच डिकोडर काम करतो, एरवी आठही तारा १ वर थांबतात. चौथी-पाचवी पिन मोकळी सोडली तर या जातीच्या आयसीत ती बहुधा १ समजली जाते आणि डिकोडर झोपूनच राहतो. मग सगळे नँड ० देतात आणि तिन्ही एलईडी आठही ओळींत बंद राहतात. सगळं कायम चालू असेल तर गेट तपासा, सगळं कायम बंद असेल तर या तीन पिन तपासा.

आता अशी चूक सांगतो जी फसवते, कारण निम्म्याहून अधिक सर्किट बरोबर चालताना दिसतं. 138 च्या इनपुट पिनांची नावं A, B, C अशी आहेत आणि त्यांत A ची किंमत १, B ची २ आणि C ची ४ आहे. आपल्या सारणीत मात्र अ ची किंमत ४ होती. नावावर विसंबून अ ला A, ब ला B आणि क ला C जोडलं, तर किमती उलट्या होतात. बेरीज करून पाहिली तर अंक बरोबर, हातचाही बरोबर, आठही ओळींत. मग वजाबाकी लावली की उसना चुकतो. १, ३, ४ आणि ६ या चार ओळींत चुकतो आणि उरलेल्या चारांत बरोबर येतो.

कारण बेरजेला इनपुटच्या क्रमाशी देणंघेणं नसतं. तीनपैकी किती १ आहेत एवढंच अंकाला आणि हातच्याला कळायला हवं, कोणता १ कुठून आला याने काही बिघडत नाही. वजाबाकीत मात्र अ मधून काढायचं असतं, त्याची जागा दुसऱ्याला देता येत नाही. पहिल्या ओळीत, म्हणजे ०, ०, १ या इनपुटवर, उसना १ हवा. पण उलट्या जोडणीत डिकोडर हीच परिस्थिती चौथी ओळ समजतो, आणि उसन्याच्या यादीत ४ नाही. म्हणून सर्किट तपासताना सुरुवात सगळ्यांत असमान स्तंभापासून करावी. अंक बरोबर आला म्हणून जोडणी बरोबर, असं समजणाऱ्याच्या हातून ही चूक पुढच्या सर्किटमध्ये जाते.

पुस्तकात सगळी उदाहरणं अर्ध्या-अर्ध्या १ ची असतात, पण एखाद्या स्तंभात १ फार आणि ० थोडे असले तर? समजा चौथं उत्तर हवं आहे: तिन्ही इनपुट एकसारखी नाहीत, हे सांगणारं. ते १ ते ६ या सहा ओळींत १ आणि ० व ७ या दोन ओळींत ० आहे. सहा इनपुटचा गेट शोधत बसण्याची गरज नाही. ० असलेल्या ओळीच पाहायच्या. 138 च्या तारा उलट्या असल्यामुळे शून्यावी आणि सातवी तार एका दोन इनपुटच्या अँड गेटला दिली की काम झालं: त्यांपैकी एक खाली गेली तरच उत्तर ०. आणि ‘निदान एक तरी इनपुट १ आहे का’ एवढंच विचारायचं असेल, तर शून्याव्या तारेची पिन १५ हेच उत्तर आहे. एकही गेट लागत नाही.

मग ही पद्धत सर्वांत कमी गेटची आहे का? नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. नुसती बेरीज हवी असेल तर दोन एक्सॉर, दोन अँड आणि एक ऑर एवढ्यात अंक आणि हातचा दोन्ही मिळतात. बेल लॅब्जमधल्या मॉरिस कार्नो यांनी १९५३ साली मांडलेल्या नकाशावर हातच्याचा स्तंभ टाकला तर तो तीन छोट्या अँड गेटवर येतो. पण अंकाचा स्तंभ त्याच नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखा पसरतो, एकही १ दुसऱ्याला चिकटून नाही, त्यामुळे अँड-ऑरच्या पद्धतीत तिथे काहीच बचत होत नाही. डिकोडर फायद्याचा ठरतो तो अशा न आकुंचणाऱ्या स्तंभांसाठी, आणि एकाच इनपुटवर तीन-चार किंवा अधिक उत्तरं अवलंबून असतील तेव्हा. उत्तर एकच आणि सुटसुटीत असेल तर डिकोडर लावणं ही उधळपट्टी आहे.

उलट त्याचा एक गुण गेट मोजून कळत नाही. सारणीत बदल झाला, तर सर्किटमध्ये नेमकी तीच तार बदलते. हातचा पाचव्या ओळीऐवजी चौथ्या ओळीत हवा असं कुणी म्हटलं, तर पिन १० वरची तार काढून ११ वर खोचायची. आकुंचन केलेल्या सर्किटात तेवढ्यासाठी सगळी बीजगणिती मांडणी पुन्हा करावी लागते.

एका मर्यादेकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. तिसऱ्या ओळीतून सातव्या ओळीत जाऊ. ब आणि क १ वरच आहेत, फक्त अ बदलला. हातचा दोन्ही ओळींत १ आहे, म्हणजे तो हलायला नको. पण आत काय होतं? तिसरी तार सुटते आणि सातवी पकडली जाते, आणि या दोन घटना अगदी एकाच क्षणी होत नाहीत. तिसरी आधी सुटली तर क्षणभर कोणतीच तार खाली नसते आणि हातचा ० होऊन पुन्हा १ होतो. ही झेप काही नॅनोसेकंदांची असते. एलईडीवर ती दिसत नाही, डोळ्याला कळत नाही. पण त्या आउटपुटला काउंटर जोडला असेल तर तो एक आकडा जास्त मोजू शकतो. ऑसिलोस्कोपवर बारीक सुई दिसते ती हीच. कार्नो नकाशावर काढलेल्या सर्किटात ‘ब आणि क’ असा एक अँड गेट दोन्ही ओळी झाकून टाकतो, त्यामुळे या बदलात ती येत नाही. डिकोडरमध्ये प्रत्येक ओळ सुटी असल्यामुळे शेजारच्या दोन १ ना जोडणारं काहीच नसतं.

यावर उपाय 138 च्या त्या तीन पिनांतच आहे. इनपुट बदलत असताना डिकोडर बंद ठेवायचा आणि ती स्थिर झाल्यावरच चालू करायचा. बंद असताना सगळी उत्तरं ० दिसतील, म्हणून पुढचं सर्किटही तेवढा वेळ न वाचणारं हवं. पुढे फ्लिप-फ्लॉप असतील आणि ते घड्याळाच्या ठोक्यावरच उत्तर उचलत असतील, तर मधल्या सुईने काही बिघडत नाही.

इनपुट वाढली की मात्र तारा दुप्पट होत जातात. चार इनपुटना सोळा, त्यासाठी दोन 138 पुरतात. चौथं, सर्वांत मोठ्या किमतीचं इनपुट पहिल्या आयसीच्या चौथ्या पिनला आणि दुसऱ्या आयसीच्या सहाव्या पिनला द्यायचं, म्हणजे एका वेळी एकच जागी राहते. आठ इनपुटना २५६ तारा होतात, आणि तिथे ब्रेडबोर्डवर हाताने तारा खोचणं संपतं. पण कल्पना संपत नाही. प्रॉम नावाची स्मृती-चिप आतून अशीच बांधलेली असते: पत्त्याच्या तारांवर एक पूर्ण डिकोडर, आणि त्यापुढे ऑर गेट, ज्यांना कोणत्या ओळी जोडायच्या ते आपण ठरवायचं. ३२ ओळी आणि ८ आउटपुटचा प्रॉम म्हणजे पाच इनपुटची एकत्रित सारणी, आठ स्तंभांसह, एका चिपमध्ये. सारणीतला १ तिथे तारेने जोडायचा नसतो, तो चिपमध्ये कायमचा लिहिला जातो.

हे सर्किट स्वतः उभं करायचं असेल तर एक 138, दोन 74LS20, तीन स्विच आणि रोधकांसह तीन एलईडी एवढं पुरतं. सारणी आधी पूर्ण लिहा, प्रत्येक स्तंभाच्या खाली १ असलेल्या ओळींचे आकडे लिहा, त्याखाली त्यांचे पिन क्रमांक लिहा, आणि मगच पहिली तार खोचा. तपासताना आठही ओळी पाहा, आणि उसन्यापासून सुरुवात करा.